सातवीच्या इतिहासात गुण का कापले



प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिका घरी पोहोचल्यावर तक्रारी आल्या. बहुतेकांचा रोख एकच: ‘मुलाने पानभर लिहिलं, चूक एकही नाही, मग तीनपैकी एकच गुण का?’ म्हणून हे सविस्तर लिहिते.

प्रश्न होता, शिवाजी महाराजांनी पुरंदरचा तह का केला? सकारण स्पष्ट करा. एका उत्तरपत्रिकेत सव्वा पान मजकूर आहे. तह 1665 साली झाला, महाराजांनी 23 किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख दिला, पुढच्या वर्षी ते आग्र्याला गेले. हे सगळं बरोबर आहे, पण त्या तहाच्या अटी आणि त्यानंतरची हकिकत झाली. तह का करावा लागला, ते शेवटून दुसऱ्या ओळीत एकदाच येतं: ‘पुरंदरला वेढा पडला होता.’ एक गुण त्या ओळीचा.

उरलेले दोन गुण कशाला होते, तेही सांगते. मुरारबाजी देशपांडे पडले, दिलेरखानाचा वेढा उठेना आणि मोगली फौजा गावं जाळत सुटल्या, म्हणजे लढाई लांबवली तर रयत भरडली जाणार होती. याला एक गुण. दुसरा जयसिंगाच्या डावपेचाला: महाराजांना कुठूनही मदत मिळू नये म्हणून त्याने विजापूरकरांसह आजूबाजूच्या सत्तांशी आधीच बोलणी लावली होती. यातला एकेक मुद्दा दोन ओळींत मांडणाऱ्या मुलांना पूर्ण गुण मिळाले आहेत. उत्तराची लांबी मी मोजत नाही. शुद्धलेखनाचे आणि अक्षराचे गुणही कापलेले नाहीत.

मला खरा त्रास झाला तो निराळ्याच गोष्टीचा. कितीतरी उत्तरांची सुरुवात शब्दशः सारखी आहे, आणि ती पाठ्यपुस्तकातली नाही. गाईडमध्ये ‘पुरंदरच्या तहावर टीप लिहा’ याखाली जे उत्तर असतं, तेच मुलांनी इथे उतरवलं. पाठ झालेलं उत्तर हाताशी होतं, त्यामुळे प्रश्न शेवटपर्यंत वाचलाच गेला नाही.

कालानुक्रमाच्या प्रश्नातही हेच झालं. ‘सुरतेवरील पहिली स्वारी’ असं स्पष्ट छापलं होतं. ती 1664 ची, म्हणजे पुरंदरच्या आधीची. काहींनी ती आग्र्याहून सुटकेनंतर लावली. 1670 ची स्वारी दाखवून एका पालकांनी गुण मागितले आहेत. ती दुसरी स्वारी, त्यामुळे ते गुण देता येणार नाहीत.

एका उत्तरपत्रिकेच्या समासात मोठ्या माणसाच्या अक्षरात ‘पूर्ण गुण द्यावेत’ असं लिहून आलं आहे. कृपा करून उत्तरपत्रिकेवर काही लिहू नका. शंका असेल तर प्रश्नपत्रिका आणि पाठ्यपुस्तक घेऊन शाळा सुटल्यावर भेटा. मुलालाही सोबत आणा, त्याने काय वाचलं ते त्याच्याकडूनच ऐकायचं आहे.

आपली,
इतिहास शिक्षिका, इयत्ता सातवी