होणारे मालक

दत्तोबाला गाडी कुणाची म्हणून विचारलं की तो आधी खिशातलं फडकं काढून बॉनेटवर फिरवतो. मग सांगतो, ‘आपलीच की. फक्त नावावर व्हायची राहिलीय.’ नाव ज्यांचं आहे ते शेठ चिंचवडला असतात. त्यांच्या अशा तीसेक गाड्या पुण्यात फिरतात आणि प्रत्येक गाडीत असा एकेक होणारा मालक बसलेला असतो.

या जातीच्या मालकाच्या खुणा ठरलेल्या आहेत. मागच्या काचेवर आई एकवीरेची कृपा आणि त्याखाली दोन्ही पोरांची नावं. डॅशबोर्डवर गणपती, सीटला स्वतःच्या पैशाचं कव्हर. दार जोरात लावणाऱ्या गिऱ्हाईकाकडे तो ज्या नजरेनं बघतो, तशी नजर खऱ्या मालकाला जमत नाही. कारण शेठनी ती गाडी शोरूममध्ये एकदाच पाहिली, नंतर मोबाइलवरचा ठिपका म्हणूनच.

व्यवहार ऐकायला सुटसुटीत आहे. सीएनजीवरची पांढरी वॅगन-आर, पिवळी पाटी. डिपॉझिट चाळीस हजार. भाडं रोजचे नऊशे, रात्री दहाच्या आत शेठच्या मोबाइलवर. असे १,४६० रोज भरले की गाडी दत्तोबाची. विमा, टॅक्स, पासिंग शेठकडे. गॅस, टायर, सर्व्हिसिंग, ओरखडे आणि चलनं दत्तोबाकडे. दिवसाला दोनशे किलोमीटर मारले तर अ‍ॅपवाल्यांचं कमिशन जाऊन सव्वीसशे हातात येतात. सातशेचा गॅस, नऊशे शेठचे; उरलेल्या हजारात घर, जेवण, टायरची बेगमी.

‘हजार सुटतात आणि वर गाडी फुकट, काका,’ असं म्हणून त्यानं पाचशेच्या स्टँपपेपरवरचा करार माझ्यापुढे ठेवला. माझी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेली. त्यामुळे मला कागद मागच्या पानापासून वाचायची खोड आहे.

‘फुकट गाडीचे किती भरणार, दत्तोबा?’

‘चौदाशे साठ गुणिले नऊशे.’

‘तेरा लाख चौदा हजार.’

तो थोडा वेळ गणपतीकडे बघत राहिला. ही गाडी नवी घेतली तर सात-साडेसात लाखांत रस्त्यावर येते. ‘पण मला सात लाख देतंय कोण?’ तो म्हणाला. हे मात्र खरं. बँक त्याच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागते आणि जामीनदारही मागते. शेठ फक्त बॅज, लायसन आणि चाळीस हजार मागतात. वरच्या पैशात शेठचा नफा आहे, विमा आहे, आणि दत्तोबाला कुणी दारात उभं करत नाही त्याची किंमतही आहे.

करारातली खरी गंमत ‘रोज’ कसे मोजायचे त्यात होती. महिन्याला दोन खाडे माफ. दत्तोबाला वाटायचं, शेठ दिलदार आहेत. माफ म्हणजे त्या दिवसाचं भाडं घेणार नाहीत, पण तो दिवस मोजणारही नाहीत. तो शेपटाला जोडणार. महिन्याला दोन धरले तरी चार वर्षांची बावन्न महिन्यांकडे वाटचाल होते. त्यात गावची जत्रा, मेव्हण्याचं लग्न, मलेरिया. सलग तीन दिवस भाडं थकलं की गाडी परत आणि डिपॉझिट जप्त. त्याच्या आधीही एक पायरी असते. भाडं चुकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर लागत नाही. शेठनी चिंचवडहून बटण दाबलेलं असतं. दत्तोबा एकदा कात्रजच्या सीएनजी पंपावर तासभर रांगेत थांबला, नंबर आला आणि गाडी हलेना. मागच्यांनी हॉर्नचा मारा केला. हा खाली उतरून टाकीचं झाकण तपासत राहिला. गॅसचा दोष निघाला तर अब्रू वाचते, म्हणून.

गेल्या पावसाळ्यात हिंजवडीच्या चौकात मागून टेम्पोनं ठोकलं. बंपर फाटला, डिकी आत गेली. विमा शेठच्या नावावर, म्हणून क्लेमचे पैसे शेठकडे. ‘क्लेम करायचा तर चालकाचे पहिले पाच हजार’ असं कलम होतं, ते डिपॉझिटमधून वळते झाले. गाडी नऊ दिवस गॅरेजात पडली, तेवढ्या दिवसांचं अर्धं भाडं लागलं, म्हणजे चार हजार पन्नास. आणि अर्ध्या भाड्याचे दिवस मोजणीत धरत नाहीत. दत्तोबा त्या नऊ दिवसांत रोज गॅरेजला जाऊन मिस्त्रीला रंगाची छटा दाखवायचा. शेठनी एकदा फोन केला. गाडी कधी सुटणार, एवढंच विचारायला.

मला तेव्हा या जातीचं वर्म कळलं. जिथं खर्च आहे तिथं हा माणूस आजच मालक आहे. जिथं किंमत आहे तिथं अजून भाडेकरू. ओरखडा त्याचा, आरसी शेठची. चलन त्याचं, क्लेम शेठचा.

आणि आरसीवर तिसरा गडी होता: बँकेचा बोजा. गाडीचा नंबर टाकला की परिवहनच्या अ‍ॅपवर तो दिसतो. दत्तोबानं कधी टाकला नव्हता. करारात शेवटून दुसऱ्या ओळीत बारीक अक्षरात कर्जाची मुदत होती, साठ महिने.

‘म्हणजे काय, काका?’

‘म्हणजे तू बावन्न महिन्यांत सगळे रोज भरलेस, तरी बँकेचे आठ हप्ते उरतात. ते फिटेपर्यंत बँक ना-हरकत देत नाही. ती नसेल तर बोजा उतरत नाही, बोजा असेल तर बँकेला विचारल्याशिवाय गाडी तुझ्या नावावर चढत नाही. आणि शेठनी मध्येच हप्ते थकवले तर बँक गाडी उचलून नेईल. तुझ्या पावत्या बँक वाचत बसणार नाही.’

‘शेठ तसे नाहीत.’

‘नसतीलही. पण २०२० च्या टाळेबंदीत धंदाच बंद पडला, तेव्हा कितीतरी चालक भाड्याच्या गाड्या परत देऊन मोकळे झाले. तोवर भरलेले रोज कुणी परत दिले?’

दत्तोबानं फडकं पिळून वाळत घातलं आणि म्हणाला, ‘मग कलम लिहून द्या.’ मी लिहून दिलं: शेवटचा रोज भरल्यापासून तीस दिवसांत शेठनी उरलेलं कर्ज स्वखर्चानं फेडावं, बँकेची ना-हरकत आणि फॉर्म ३५ आणून द्यावा, हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या कराव्यात; न केल्यास डिपॉझिट दुपटीनं परत. शिवाय दर महिन्याला भरलेल्या रोजांचा आकडा शेठनी लेखी कळवावा.

शेठ रागावले नाहीत. त्यांनी चहा मागवला, कलम दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘घालू या की. फक्त मग रोज नऊशे पन्नास पडेल.’ इतके महिने जी मालकी भाड्यात धरलेली होती, तिचा दर असा अचानक वेगळा निघाला. दत्तोबानं घासाघीस करून पन्नासाचे तीसवर आणले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि पेढे घेऊन माझ्याकडे आला.

‘तीस रुपयांत मालकी, काका. वडापाव आणि कटिंगचे पैसे.’

उरलेले रोज हजाराच्या वर होते. मी गुणाकारासाठी पेन उचललं, तसा त्यानं ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं. ‘ते राहू द्या,’ तो म्हणाला. ‘आधी मागच्या काचेसाठी सुवाच्य अक्षरात लिहून द्या बघू: मालक दत्तात्रय.’