तक्रार नाही, कारण लाइन बंद आहे

ती. अण्णांना,



पत्रास कारण, तुमची खालची उजवी पहिली दाढ. पत्र लिहावं लागतंय, कारण फोनचा उपयोग संपला. काउंटरवरच्या आमच्या पोरीने तुम्हाला आतापर्यंत अकरा फोन केले. पहिल्यांदा तुम्ही गणपतीच्या गडबडीत होता. मग पितृपंधरवडा लागला. पक्षात दाढेला हात लावू नये असं कुठल्या शास्त्रात आहे ते तिने विचारलं नाही, मीही विचारत नाही. नंतर दिवाळी आली, मग मार्गशीर्षातले गुरुवार आले. शेवटच्या फोनला तुम्ही म्हणालात, ‘सध्या साताऱ्यात नाही.’ त्या वेळी मागे राजवाड्यावरचा भेळवाला ‘तिखट की मध्यम?’ असं तुम्हालाच विचारत होता. पोरगी भली आहे. तिने वहीत ‘परगावी’ असंच लिहिलं.

तुम्ही पहिल्या दिवशी कसे आला होता, ते तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. ऑगस्टातली सकाळ, पावणेसात. दूध आत घ्यायला दार उघडलं तर पायरीवर तुम्ही, डोक्याला मफलर, गालात लवंग आणि हातात गार पाण्याची बाटली. दर दोन मिनिटांनी घोट घ्यायचा, उजव्या बाजूला धरायचा, कोमट झाला की गिळून दुसरा घ्यायचा. रात्रभर हेच चाललं होतं, आडवं पडलं की ठणका दुप्पट. गार पाण्याने बरं वाटतंय हे ऐकलं तेव्हाच मी ओळखलं, की आतली नस शेवटच्या घटका मोजतेय. तुम्ही म्हणालात, ‘पोरी, दाढ काढ, जबडा काढ, पण हे थांबव.’ त्या दिवशी मी सांगितलं असतं तर तुम्ही रोज आला असता, अनवाणी आला असता.

आठ दिवसांनी दुसऱ्या खेपेला आलात ते वेगळेच अण्णा होते. कडक इस्त्री, खिशाला पेन. खुर्चीत बसताच घड्याळ पाहिलंत. तोंडात रबराचा पडदा लावलेला असतानाही टेलिफोन खात्यातल्या केबल जॉइंटिंगबद्दल बोलायचा प्रयत्न करत होता. आणि तिसऱ्या खेपेचे अण्णा तर अजून कुणी पाहिलेलेच नाहीत.

तुम्ही एकटे नाही म्हणा. ही एक जमात आहे. दुखताना डॉक्टर म्हणजे देव, दुखायचं थांबलं की डॉक्टर म्हणजे वीजबिल. ही माणसं वाईट नसतात. बँकेचा हप्ता चुकवत नाहीत, गाडीचं ऑइल वेळेवर बदलतात. फक्त दुखणं आणि आजार ही एकच गोष्ट आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. आमचं भांडण त्या समजुतीशी आहे.

तर आता तुमच्याच खात्याच्या भाषेत सांगते. रूट कॅनाल करताना मी दाढेच्या आतली नस काढली. म्हणजे दाढेचा फोनच कापला. गार, गरम, कीड, काहीही झालं तरी त्या दाढेतून तक्रार नोंदवायला आता लाइन शिल्लक नाही. तुम्ही जे ‘एकदम आराम आहे’ म्हणता, ती बंद फोनची शांतता आहे. एखाद्या गावातून महिनाभर एकही तक्रार आली नाही, तर तुमचे साहेब खूश होत होते का? की आधी विचारत होते, ‘अरे, तिथली मेन लाइन चालू आहे का?’

दाढेभोवतीच्या हाडाला आणि हिरडीला मात्र फोन आहे. पण तिथून फोन येतो तो फार उशिरा, पू साठून दाब वाढल्यावर. कधी तोही येत नाही. पू हिरडीवर बारीकशा फोडातून वाट काढतो, दाब निघून जातो आणि पेशंटला वाटतं, उष्णतेची पुळी आहे.

आता तुमच्या दाढेत नेमकं काय केलं आणि काय राहिलं ते सांगते. तुमच्या दाढेला दोन मुळं, तीन नळ्या. पुढच्या मुळातली नस सुजलेली होती, तीच रात्री बोंबलत होती. मागच्या मुळातली आधीच मेली होती. एक्स-रेत त्या मुळाच्या टोकाशी मुगाएवढी काळी सावली दिसली होती. तुम्हाला दाखवली तेव्हा तुम्ही ‘बारीकच आहे की’ म्हणालात. सावली म्हणजे तिथलं हाड विरघळलेलं आहे. पहिल्या दिवशी नळ्या साफ करून आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरलं. साध्या भाषेत चुना, पानाच्या डबीतल्या चुन्याचाच शुद्ध भाऊ. इतका तीव्र अल्कली की बहुतेक जंतू त्यात टिकत नाहीत. सलूनमध्ये तुम्ही ‘डॉक्टरीणबाईंनी मला चुना लावला’ असं सांगितल्याचं कानावर आलं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

दुसऱ्या खेपेला चुना धुऊन काढला आणि नळ्यांमध्ये गटापर्चा भरला. हा मलायाकडच्या झाडाचा चीक. तुम्हाला सांगायचं राहिलं, १८५८ साली अटलांटिक समुद्राखालून तारायंत्राची पहिली केबल टाकली, तिच्या तांब्याच्या तारेवर याच चिकाचं वेष्टण होतं. खाऱ्या पाण्यात टिकणारं तेव्हा दुसरं काही नव्हतं. म्हणजे तुमच्या दाढेत तुमच्याच खात्याचा माल आहे. (ती केबल काही आठवड्यांतच बंद पडली, पण त्याचं खापर माझ्यावर फोडू नका.)

काम थांबलंय ते यापुढे. गटापर्च्याच्या तोंडावर मी तात्पुरतं सिमेंट भरलं. जेमतेम चार मिलिमीटर जाडीचं, पांढरं, थुंकीच्या ओलाव्यानेच घट्ट होणारं. त्याचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. ‘आठ दिवसांनी या, पक्कं भरू आणि मग कॅप’ असं मी म्हणाले ते उगाच नाही. चावून-चावून त्याची कड झिजते, भेग पडते आणि तिथून थुंकी आत झिरपू लागते. गटापर्चा नळीला कितीही घट्ट बसला तरी त्याच्या कडेने जंतूंना वाट सापडते, वरचं झाकण गेल्यावर काही आठवड्यांतच. तुम्हीच सांगायचात ना, केबल चांगली असते, पाणी शिरतं ते जॉइंटमध्ये. पावसाळ्यात खड्डा खणून जॉइंट उघडा ठेवला आणि लाइनमन गणपतीला गावी गेला, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता? आमचा लाइनमन तुम्हीच आहात.

दुसरी भीती फुटण्याची. मागची भिंत किडीने खाल्लेली, वरून मी दार पाडलेलं. उरलेल्या भिंती उघड्या डब्यासारख्या उभ्या आहेत. प्रत्येक घासाला त्या बाहेर फाकतात, केसाएवढ्या, पण फाकतात. कॅप म्हणजे बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव. लाकूड मजबूत असलं तरी धावेशिवाय चाक उलगडतंच. कॅपमध्ये डॉक्टरांचं कमिशन असतं असं तुम्ही मंडईत म्हणालात, म्हणून खरं सांगते, प्रत्येक दाताला कॅप लागत नाही. पुढचा दात असता आणि थोडंच किडलेलं असतं, तर मी नुसतं भरून सोडलं असतं. चावायची दाढ, तीही एक भिंत गेलेली, अशी सोडत नाही.

अशीच सोडलेली एक दाढ मी गेल्या वर्षी पाहिली. पेशंट निवृत्त शिक्षक, तुमच्याच जमातीतले. सात महिन्यांनी आले. तात्पुरतं सिमेंट कधीच गेलं होतं आणि त्या खळग्यात तुरीची डाळ घट्ट बसली होती. गुरुजींनी तिथे जीभ जायची सवयच लावून घेतली होती, जेवण झालं की काडीने साफ करायचं. एका संध्याकाळी फुटाणे खाताना ‘कट्’ असा आवाज झाला. दुखलं नाही. त्यांनी डाव्या बाजूने खायला सुरुवात केली, आणखी पंधरा दिवस गेले. मी दाढेभोवती मोजपट्टीची बारीक सळई फिरवली. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर खाली जात होती, ती एकाच जागी सरळ नऊ मिलिमीटर गेली. एवढीच अरुंद खोल वाट, म्हणजे दाढ मुळापर्यंत उभी चिरली आहे असा जवळजवळ निकालच. चिमट्याने हलवलं तर दोन अर्धे वेगवेगळे हलले. उभ्या चिरेला इलाज नाही, दाढ काढली. नळ्या व्यवस्थित भरलेल्या होत्या, मूळचं दुखणं बरं झालेलं होतं. गुरुजी तिचे दोन तुकडे कागदात बांधून घरी घेऊन गेले, कशासाठी ते अजून कळलेलं नाही.

तुमच्या बाबतीत साडेचार महिने झालेत. म्हणून आधीच कबूल करते, आता काम तेवढंच राहिलं असेल असं सांगता येत नाही. आलात की आरशाच्या दांड्याने दाढेवर हळूच ठोकून पाहीन, हिरडी दाबून पाहीन, तीच सळई फिरवीन आणि एक एक्स-रे काढीन. सिमेंट जागच्या जागी असलं तर तुमचं नशीब, पक्कं भरून कॅपचं माप घेऊ. ते गेलं असेल आणि गटापर्चा तीन महिन्यांहून जास्त थुंकीत उघडा राहिला असेल, तर तो उपसून नळ्या पुन्हा साफ करणं शहाणपणाचं. त्याचे पैसे वेगळे पडतील. यात कमिशन नाही, तुमचा दंड आहे.

कॅप बसली तरी मी सोडणार नाही. ती मुगाएवढी सावली भरतेय की वाढतेय, हे सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने एक्स-रे काढूनच कळतं. हाड सावकाश भरतं, काहींचं पूर्ण भरायला तीन-चार वर्षंही लागतात. आणि सगळं नीट केलं तरी काही दाढा बऱ्या होत नाहीत. माझ्या हातच्याही. म्हणून मला पाहायचं असतं, तुम्हाला बघायची हौस म्हणून नव्हे.

येत्या बुधवारी, सकाळी साडेअकराला या. अमावस्या नाही, संकष्टी नाही, गुरुवारही नाही, कालनिर्णय पाहूनच लिहिते आहे. काकूंना वेगळा निरोप दिला आहे, त्या ‘धरून आणते’ म्हणाल्या.

आणि तुमची पाण्याची बाटली पहिल्या दिवसापासून काउंटरवरच आहे. पोरीने तिच्यात मनी प्लांट लावलाय. बऱ्यापैकी वाढलाय.

आपली,
दातांची डॉक्टर