प्रिय कै., दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!

माननीय अध्यक्षमहोदय,

तुमच्या पतसंस्थेकडून आमच्या घरी यंदा दिवाळीची तीन पत्रं आली. तिन्ही एकाच दिवशी आली आणि पोस्टमननं एकावर एक ठेवून दिली. जाड कागद, कोपऱ्यात पणती, खाली तुमची निळ्या शाईतली छापील सही. पहिलं पत्र मला होतं. त्याची सुरुवात ‘प्रिय जोशी,’ अशी होती. शाळेतले ड्रिलमास्तर सोडले तर मला अशी हाक कुणी मारलेली नाही. दुसरं पत्नीला. ‘प्रिय सौ.,’ आणि पुढे स्वल्पविराम. तिसरं माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना. ते जाऊन चार वर्षं झाली. त्याची नोंद तुमच्याकडे आहे, हे पत्रावरूनच कळलं, कारण मजकूर असा सुरू होत होता: ‘प्रिय कै., येणारे वर्ष आपणांस उत्तम आरोग्याचे जावो.’

रागावलेलो नाही. उलट, हे घडलं कसं याचा शोध लावण्यात माझा पाडवा फार छान गेला. तुमच्या कारकुनाला बोल लावू नका. त्यानं नाना गेल्याचं कळताच नावाआधी इमानेइतबारे ‘कै.’ टाइप केलं होतं. पत्रं ‘पर्सनल’ वाटावीत असं तुम्ही सांगितल्यावर कुणीतरी शेजारच्या रकान्यात हे सूत्र ओढलं असणार:

```
=LEFT(B2,FIND(" ",B2)-1)
```

याचा अर्थ एवढाच की पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचं जे काही असेल ते उचला. ज्या देशात नाव आधी आणि आडनाव नंतर लिहितात, तिथे हे बऱ्यापैकी चालतं. आपल्याकडे सातबाऱ्यापासून मतदारयादीपर्यंत आडनाव पुढे असू शकतं आणि त्याच्याही पुढे श्री., सौ., श्रीमती, डॉ., ह.भ.प. यांपैकी कुणीतरी उभं असतं. तुमच्या यादीतले डॉक्टर, कीर्तनकार आणि दिवंगत अशा सर्वांना तुम्ही त्यांच्या उपाधीनंच हाक मारली असणार.

पुढची ओळ याहून गमतीची होती. ‘आपल्या सातारा मधील घरी सुखसमृद्धी नांदो.’ आता साताऱ्यातला माणूस ‘सातारा मधील’ कधी म्हणत नाही. इथे शब्द नुसता जोडून भागत नाही, तो आधी वाकवावा लागतो. सातारा साताऱ्यात होतो, पुणे पुण्यात, ठाणे ठाण्यात. कऱ्हाड मात्र सरळ उभं राहतं. कोऱ्या जागेत शहर भरणाऱ्या यंत्राला हे कळत नाही आणि वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं. तीच गत ‘आपण आमच्याशी जोडले गेलेले/गेलेल्या आहात’ या वाक्याची. ती तिरपी रेघ पाहून पत्नी म्हणाली, “यांना मी कोण ते ठरवता आलं नाही वाटतं.”

सल्ला तुम्ही मागितलेला नाही, तरी देतो. आमच्या गावच्या वाचनालयाचा मी चिटणीस होतो, तेव्हा दिवाळी अंकांच्या योजनेसाठी १४० वर्गणीदारांना पत्रं पाठवायचो. तुमच्याच चुका आम्ही तुमच्या आधी करून बसलो होतो. मग यादीत दोन नवे रकाने केले. एकाचं नाव ‘हाक’. त्यात सूत्र नाही, माणसानं टाइप करायचं आणि तेही त्या वर्गणीदाराला समोर पाहून आपण जे म्हणतो तेच: ‘कुलकर्णीकाका’, ‘शैलाताई’, ‘सर’. पुस्तकं देणाऱ्या बाईंना प्रत्येकाचं काय ते ठाऊक असायचं. त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. दोन संध्याकाळी लागल्या. ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ आम्ही साफ काढून टाकलं, कारण त्या वर्षात कुणाच्या घरी काय घडलं हे यादीला माहीत नसतं आणि चुकलेलं ‘सौ.’ एखादीच्या काळजाला लागतं.

दुसरा रकाना ‘एक ओळ’. इथे शब्द नव्हे, अख्खं वाक्य लिहायचं, म्हणजे विभक्तीची कटकटच उरत नाही. उदाहरणार्थ: ‘गेल्या दिवाळीत तुम्हाला हवा होता तो अंक दुसऱ्याकडे गेला होता, यंदा बाजूला काढून ठेवला आहे.’ हे वाक्य पत्राच्या शेवटी स्वतंत्र परिच्छेद म्हणून यायचं. १४० पैकी ५१ जणांसाठी असं काही खरं सुचलं. उरलेल्यांचा रकाना कोरा ठेवला. मूळ पत्र असं लिहिलं होतं की ती ओळ नसली तरी भोक पडू नये. ज्याच्याविषयी काही माहीत नाही त्याला साधं, नीट पत्र गेलं तर तो रागावत नाही. ओढूनताणून आणलेली जवळीक मात्र त्याला खटकते. शिवाय ओळीत काय असावं याचा एक नियम बाईंनीच घालून दिला: माणसानं स्वतः आपल्याला सांगितलेलं असेल तेच. रजिस्टरमधून काढलेलं नाही. तुमच्या पत्रात नानांच्या ठेवीची मुदत कधी संपते हे ठळक अक्षरांत होतं, तेही त्या यादीतलं खरं आणि त्यांच्यापुरतंच होतं. पण त्याला आम्ही नोटीस म्हणतो.

आता आमचीही फजिती सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल चिटणीस फार शहाणा. दुसऱ्या वर्षी मी ‘हाक’ रकाना वर्णानुक्रमे लावायला गेलो आणि तेवढाच निवडला. संगणकानं विचारलं, शेजारचे रकानेही बरोबर हलवू का? मी नको म्हटलं. हाका सरकल्या, पत्ते जागच्या जागी राहिले. ‘प्रिय शैलाताई’ हे पत्र एका निवृत्त फौजदारांच्या घरी गेलं. तेव्हापासून प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सभासद क्रमांक छापायला लागलो आणि पाकिटं चिकटवण्याआधी काही पत्रं हातात घेऊन मूळ रजिस्टरशी ताडून पाहायचो: यादीतलं पहिलं, शेवटचं, मधली दोन-तीन, सगळ्यांत लांब नावाचं आणि ज्याचा रकाना कोरा आहे असं एक. शिवाय एकाच घरात जाणारी सगळी पत्रं शेजारी ठेवून वाचायची. ही शेवटची तपासणी तुम्ही केली असतीत तर आमचा पाडवा नीरस गेला असता.

तुमच्याकडे सभासद हजारोंनी असतील, तेव्हा इतक्या हाका टाइप कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. सगळ्यांच्या करू नका. काउंटरवर जे दर महिन्याला येतात, त्यांची नावं तुमच्या रोखपालाला तोंडपाठ आहेत. त्याला खुर्ची द्या, चहा द्या आणि विचारा. बाकीच्यांना ‘सप्रेम नमस्कार’ घालून सरळ मजकूर सुरू करा. आपल्या भाषेनं ही सोय केव्हाचीच करून ठेवली आहे.

कळावे,
आपला,
जोशी

ता. क. वाढदिवसाची पत्रंही तुम्ही पाठवता, तेव्हा १ जूनला जरा जपून. जुन्या काळी शाळेत नाव घालताना पोराची तारीख कुणाला ठाऊक नसली की मास्तर बिनदिक्कत १ जून लिहीत. तुमच्या यादीतले अर्धे म्हातारे त्याच दिवशी जन्मलेले निघतील. नानाही त्यांतलेच. त्यांचा खरा जन्म आषाढीच्या आदल्या रात्रीचा, वारीला गेलेले आजोबा घरी परतायच्या आत. वर्ष आजीला आठवत नव्हतं. तरीही पत्र पाठवलंतच, तर पत्ता तोच आहे.