असाइनमेंट उशिरा कशी द्यावी: नवशिक्यांसाठी

असाइनमेंट वेळेवर देणं कुणालाही जमतं, त्यात शिकवण्यासारखं काही नाही. उशिरा देण्याला मात्र गणित लागतं, आणि एमएस करायला अमेरिकेला निघालेल्या मुलामुलींना ते कुणी शिकवत नाही. इकडे आदल्या रात्री मित्राची जर्नल उतरवायची आणि सकाळी सरांच्या मागे लागून सही मिळवायची, एवढीच तयारी असते. तिकडे कॅनव्हास नावाची प्रणाली परस्पर गुण कापते आणि तिच्यापुढे गयावया चालत नाही.

सुरुवात सिलॅबसपासून करा. तिथे समजा असं लिहिलंय: उशिराच्या प्रत्येक दिवसाला १० टक्के कपात. आता विचारायचं, टक्के कशाचे? मिळालेल्या गुणांचे की पूर्ण गुणांचे? शंभरपैकी ७२ गुणांचं काम दोन दिवस उशिरा गेलं, तर पहिल्या हिशेबाने ५७.६ उरतात आणि दुसऱ्याने ५२. चाळीस गुणांच्या कामाचे मात्र पहिल्या हिशेबाने ३२ आणि दुसऱ्याने २० होतात. कॅनव्हास पूर्ण गुणांचे टक्के कापतं, म्हणजे काम जितकं कच्चं तितका फटका जोरात. शिवाय दिवसाचा तुकडा तिथे अख्खा दिवस धरतात. शुक्रवारी रात्री ११:५९ची मुदत असताना सोमवारी सकाळी नऊला दिलेलं काम तीन दिवस उशिराचं ठरतं. शनिवार-रविवार आपल्याला सुट्टी, कपातीला नाही.

आता भारांक. शुक्रवारी रात्री दोन कामं द्यायची आहेत: एक छोटा रिपोर्ट, ज्याला अंतिम निकालात ५ टक्के भार आहे, आणि एक प्रोजेक्ट, ज्याला ३० टक्के. दोन्ही शंभरपैकी तपासली जातात. वेळ एकालाच पुरेल, दुसरं दोन दिवस लांबणार. हौशी विद्यार्थी आधी रिपोर्ट हातावेगळा करतो, कारण तो पटकन संपतो आणि जिवाला बरं वाटतं. मग प्रोजेक्टचे २० गुण जातात, म्हणजे अंतिम निकालातले ६. मुरलेला माणूस रिपोर्टच लांबवतो. तिथेही २० गुणच जातात, पण निकालात फक्त १ कमी होतो. कपात दोन्हीकडे सारखी दिसते, कारण पोर्टलवर दोन्हीसमोर वजा वीस असंच लिहून येतं. भारांक मागाहून लागतो.

प्रोजेक्ट आजच द्यावा की उद्या, याचा निकालही यातूनच लागतो. आज मुदतीत दिला तर ७२ मिळतील असा अंदाज आहे. रात्रभर खपून तो उद्या ८० चा झाला, तरी हातात पडणार ७०. एका दिवसात काम दहा गुणांहून जास्त सुधारणार असेल तरच जागा. फॉन्ट बदलून आणि आलेखांना रंग देऊन दहा गुण वाढत नाहीत.

खरी मजा मर्यादेत आहे, कारण ती दोन प्रकारची असते आणि दोन्हींना प्राध्यापक बोलताना ‘कॅप’च म्हणतात. पहिली कपातीवरची: कितीही उशीर झाला तरी पन्नासपेक्षा जास्त कापणार नाही. दुसरी गुणांवरची: उशिरामुळे गुण पन्नासच्या खाली जाऊ देणार नाही. कॅनव्हासच्या सेटिंगमध्ये असते ती ही दुसरी. पाच दिवस उशिराचं ८० गुणांचं काम पहिल्या नियमाने ३० वर येतं, दुसऱ्याने ५० वर थांबतं.

म्हणून पाचवा दिवस उलटला की दोन्हीकडे वागणूक वेगळी हवी. पहिल्या नियमात पुढचे दिवस फुकट आहेत. कपात गोठलेली असते आणि वाढवलेला प्रत्येक गुण पदरात पडतो, तेव्हा पोर्टल बंद होईपर्यंत खुशाल घासूनपुसून द्या. दुसऱ्या नियमात ९५ चं काम आणि ६० चं काम, दोघांनाही पन्नासच मिळतात. तिथे साठचं झालं की देऊन टाका आणि झोपा. पण काम मुळातच ४५ चं असेल तर ते ४५ च राहतं. कपात लागत नाही, पण वर उचलूनही कुणी घेत नाही.

पोर्टल बंद झाल्यावर मात्र दोन्ही मर्यादा निकामी. न दिलेल्या प्रोजेक्टला शून्य पडलं, तर बाकी सगळीकडे पैकीच्या पैकी मिळवूनही निकाल ७० च्या वर जात नाही. अर्धवट काम तीस गुणांवर आलं तरी निकालात त्याचे ९ होतात. त्यामुळे अर्धवट असेल तेही चढवा, आणि बरोबर फाइल चढवली ना, ते उघडून पाहा.

एक सोपा मार्गही आहे, पण तो या विद्येत कमीपणाचा मानतात: मुदतीआधी प्राध्यापकांना ईमेल करून मुदतवाढ मागणं. मंजूर झाली की ते कॅनव्हासमध्ये तुमच्यापुरती तारीख बदलतात आणि नव्या तारखेपर्यंत कपात सुरूच होत नाही. ईमेल गुरुवारी पाठवा. शनिवारी पाठवलेल्या ईमेलमध्ये ताप कितीही खरा असला, तरी तो वाचणाऱ्याला उशिराच चढलेला वाटतो.