राजेळीला घाई नसते

सत्यनारायणाच्या प्रसादाची केळी आणायचं काम नवऱ्यावर सोपवणं धोक्याचं असतं. आमच्या घरी हा धोका लग्नानंतर चौदा वर्षांनी पत्करला गेला. मी बाजारात गेलो आणि गाडीवर हातभर लांबीची, जाड सालीची, तीन बाजूंनी धारा असलेली पिवळीधमक केळी दिसली. नेहमीच्या केळ्यांशेजारी ती पहिलवानासारखी वाटत होती. विक्रेता म्हणाला, "राजेळी आहेत साहेब." नावातच राजा. देवाचं काम. मी सहा घेतली, आणि हा निर्णय आपण चांगला घेतला असं घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

सव्वा वाटी रवा तुपावर भाजून झाला, केळ्याचे काप त्यात पडले, दूध पडलं, झाकण पडलं. एरवी या टप्प्यावर केळं विरघळून जातं. शिऱ्याला गोडवा आणि वास देऊन स्वतः नाहीसं होणं, हेच प्रसादातल्या केळ्याचं कर्तव्य. झाकण काढलं तर काप जसेच्या तसे! कडा शाबूत, कोपरे शाबूत. गुरुजींनी प्रसाद हातावर घेतला, बोटाने एक फोड चाचपली आणि मोठ्या संयमाने विचारलं, "वहिनी, यात बटाटा घातलाय का?"

गुरुजींचं फारसं चुकलं नव्हतं. कच्चं असताना कुठलंही केळं मुळात बटाट्याचाच भाऊ असतं: गरात स्टार्च, म्हणजे पिठूळ सत्त्व, आणि साखर नावापुरती. आपल्या रोजच्या केळ्यात, म्हणजे जळगावाकडून येणाऱ्या बसराई किंवा ग्रँड नैनमध्ये, कच्चेपणी गराच्या साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो. पिकताना त्याची भराभर साखर होते आणि खाण्याजोगं होईतो स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येतो. ज्याच्या आधारावर गर उभा होता तोच निघून गेला, म्हणून पिकलं केळं चमच्याने दाबलं की शिकरण होतं.

राजेळी हेच करते, पण सरकारी वेगाने. वरून साल पिवळी झाली तरी आत स्टार्चचा चांगलाच साठा शिल्लक असतो. शिवाय तिच्या गरात पाणी कमी. नेहमीच्या केळ्यात शंभर ग्रॅमला पंचाहत्तर ग्रॅम पाणी, हिच्यात पासष्टच्या आसपास. पिवळ्या राजेळीला उष्णता लागली की उरलेला स्टार्च ते पाणी शोषून फुगतो आणि फोड विरघळायच्या ऐवजी आणखी घट्ट होते. बायकोने तेव्हा शिऱ्यात वाढीव दूधही घातलं होतं. रव्याने ते प्यायलं. राजेळीने दखलही घेतली नाही.

उरलेली तीन केळी घेऊन मी शेजारच्या केरळी आजींकडे गेलो. त्यांच्याकडे हिचं नाव नेंद्रन, आणि तिच्याविषयी त्या ज्या सुरात बोलतात त्या सुरात आपण हापूसबद्दल बोलतो. त्यांनी केळी हातात घेऊन दाबली, सालीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही अजून लहान आहेत. काळी होऊ दे."

"काळी? म्हणजे खराब होईपर्यंत?"

"तुमची केळी काळी झाली की खराब. आमचं केळं काळं झालं की शहाणं."

नेहमीचं केळं पिवळं झालं की तयार, ठिपके आले की घाई करायची, काळं पडलं की दूध-साखर घालून संपवायचं. राजेळी पिवळी झाली की तिचं पिकणं नुकतं सुरू झालेलं असतं. अशा वेळी नुसती खाल्ली तर जिभेला तुरट, दाताला पिठूळ लागते आणि दुसरा घास घ्यावासा वाटत नाही. सालीवर काळे ठिपके वाढून निम्मी साल काळी झाली आणि बोटाने दाबल्यावर लोण्यासारखं नाही, पण मऊ गादीसारखं दबलं, की मग ती खरी गोड. तोवर ओट्यावर, नाहीतर तांदळाच्या डब्यात ठेवायची. सोबत एखादं पिकलं साधं केळं ठेवलं तर त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने हिलाही थोडी जाग येते.

हे ऐकून मी घरी आलो आणि ती तीन केळी फ्रिजमध्ये ठेवली. 'काळी होऊ दे' एवढंच डोक्यात होतं, आणि केळं फ्रिजमध्ये काळं पडतं हे मला ठाऊक होतं. दोन दिवसांत साली काळ्या! विजयी मुद्रेने एक सोललं. आत गर फिकट, कडक, अगदी पहिल्या दिवशीचा. केळं उष्ण प्रदेशातलं. साधारण तेरा अंशांच्या खाली त्याला थंडी बाधते, सालीतल्या पेशी फुटून ती काळवंडते आणि आतलं पिकणं मात्र थांबतं. बाहेर काढून ठेवलं तरी पुढे नीट पिकत नाही. दोन्ही काळ्यांतला फरक ओळखायला डोळे उपयोगाचे नाहीत, अंगठा लागतो. पिकून काळं झालेलं दबतं, थंडीने काळं झालेलं दगडासारखं राहतं.

आता त्या तीन केळ्यांचं करायचं काय? बायकोने त्यांना कच्चं समजायचं ठरवलं आणि काप केले. या एका गोष्टीत आपल्या स्वयंपाकघरांनी केळ्याला पूर्ण न्याय दिला आहे असं माझं मत आहे. हाताला तेल लावून साल काढायची, म्हणजे चीक चिकटत नाही. अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करून लगेच ताकाच्या पाण्यात टाकायच्या, दहा मिनिटं. मग निथळून मीठ, तिखट, हळद, थोडा चिंचेचा कोळ चोळायचा, तांदळाचं पीठ आणि रवा समप्रमाणात घेऊन त्यात घोळवायचं आणि तव्यावर तेल सोडून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस करायचं. आच मोठी ठेवली तर रवा जळतो आणि मधला स्टार्च कच्चा राहतो. सुरीचं टोक घातल्यावर मध्ये करकरलं नाही तर झाले. आमचे त्या दिवशीचे काप मात्र कडेने जरा जास्तच तांबूस झाले, कारण फ्रिजमध्ये जाण्याआधी थोडी साखर तयार झालेलीच होती. साखर आधी करपते. केरळात वेफर्ससाठी पूर्ण हिरवंच केळं घेतात ते याचसाठी. टोकाला जरा पिवळी झाक आलेलं केळं चुकून आलं, तर त्याचे वेफर्स तपकिरी आणि नरम होतात. आजी तर उकळत्या खोबरेल तेलात वेफर्स होत आले की मीठ-हळदीच्या पाण्याचा हबका मारतात. तो आवाज ऐकून मी पहिल्यांदा गॅस बंद करायला धावलो होतो.

ताकाच्या पाण्याचं कारण आमच्या आईला विचारा. ती म्हणते, "कच्च्या केळ्यात लोह फार, म्हणून ते काळं पडतं." ही समजूत इतकी सर्वमान्य आहे की खोडून काढणं जिवावर येतं. शंभर ग्रॅम कच्च्या राजेळीत लोह जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम, म्हणजे काहीच नाही. काळं पडतं ते कापल्यावर गरातले टॅनिनसारखे पदार्थ हवेला लागतात आणि एक विकर त्यांचा रंग बदलतो म्हणून. ताकाच्या आंबटपणात ते विकर मंदावतं. आईच्या लोखंडी विळीवर केळं जास्त काळं पडतं हे खरं, पण ते लोह विळीचं. आईचं यावर म्हणणं, "बघ, म्हणजे लोह आहेच की!" मी पुढे बोललो नाही.

बाबांची साखर वाढलेली असते आणि कापांचा वास त्यांना दुसऱ्या मजल्यावर असतानाही येतो. त्यांचा युक्तिवाद ठरलेला: "कच्चं केळं साखरेला चालतं, डॉक्टरांच्या मासिकात होतं." त्यात अर्धं सत्य आहे. न शिजवलेल्या हिरव्या केळ्यातला बराच स्टार्च लहान आतड्यात पचत नाही. तो तसाच पुढे जातो आणि रक्तातली साखर फारशी वाढवत नाही. पण न शिजवलेलं हिरवं केळं खातो कोण? शिजलं की त्या स्टार्चचे कण फुगून मोकळे होतात आणि बहुतेक पचायला तयार होतात. थंड झाल्यावर त्यातला थोडा पुन्हा घट्ट होतो, थोडाच. म्हणजे कापांची ताटली बाबांच्या हिशेबात भाजीच्या रकान्यात नाही, बटाट्याच्या रकान्यात लिहायची. किंबहुना जरा वरच, कारण शंभर ग्रॅम राजेळीतून एकशेवीस उष्मांक मिळतात, उकडलेल्या बटाट्यातून नव्वदच्या आत. तेल वेगळं.

आजींनी मात्र आम्हाला तसं सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावाकडून घड आला आणि त्यांनी चार राजेळी आणून दिल्या, सोबत सक्त ताकीद: ओट्यावर ठेवायच्या, हात लावायचा नाही. आठव्या दिवशी त्यांच्यावर बिबट्यासारखे ठिपके आले. अकराव्या दिवशी आमच्या कामवाल्या मावशींनी त्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि बायकोने बाहेर काढल्या. सालीसकट प्रत्येकीचे तीन तुकडे करून मोदकपात्रात बारा मिनिटं वाफवले. साल आपोआप उकलली आणि आतून केशरी पिवळा गर दिसला. साध्या केळ्याच्या गरात हा रंग नसतो. तो कॅरोटीनचा, म्हणजे शरीर ज्यातून अ जीवनसत्त्व बनवतं त्याचा, आणि साध्या केळ्यात ते नावालाच असतं. ते अंगी लागायला स्निग्ध काहीतरी लागतं, म्हणून वर तूप सोडायला बायकोला शास्त्रीय कारणही मिळालं. फोडी अखंड होत्या, पण आता बटाटा म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती. शेजारच्या वाटीत मी कुतूहलाने एक साधं पिकलं केळंही वाफवलं होतं. त्याचं जे झालं त्याला नाव नाही.

बाबांनी हात पुढे केला. मी वजनकाटा काढला. सालीसकट एक राजेळी पाव किलो, साल गेल्यावर गर एकशे सत्तर ग्रॅम. म्हणजे दोनशे उष्मांक आणि पन्नासेक ग्रॅम कर्बोदकं. दोन साध्या केळ्यांएवढा हिशेब, किंवा अडीच-तीन फुलक्यांचा.

"मग एक फुलका कमी करतो," बाबा म्हणाले.

"अडीच," बायको म्हणाली.

शेवटी एक तृतीयांश राजेळी आणि एक फुलका कमी, अशी तडजोड झाली. त्यांनी ती फोड इतकी हळू खाल्ली की आजींना पाहून समाधान वाटलं असतं.

यंदाच्या पूजेची यादी परवा झाली. केळी बायको स्वतः आणणार आहे. बसराईच, आणि पूजेच्या दिवशी सकाळी, ठिपके आलेली. माझ्याकडे फक्त विड्याची पानं दिली आहेत. मी कुठली आणू म्हणून विचारलं, तर ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "नको, राहू दे. तू पाट पुसून ठेव."