सरासरी घरभाडे : काही टक्के

बदली होऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी ‘परिसर-परिचय’ छापायची टूम निघाली आहे. शाळा, बाजार, वाहतूक, दवाखाना, सरासरी घरभाडे असे पाच रकाने. तोरणमाळचा परिचय छापायला कुणी धजावत नाही, म्हणून ही लोकसेवा आमच्याकडून.

शाळा : या पट्ट्यात निवासी शाळांची चलती. निवासी म्हणजे पोरं निवासी. गुरुजींचं पुढे येईल.

बाजार : आमचूर इथल्या डोंगरातला, नंबर एक. बाकी वस्तू खालून येतात आणि येताना घाटाची उंची किमतीत चढवून घेतात.

वाहतूक : शहाद्याहून एसटी किंवा जीप, पन्नासेक किलोमीटर. शेवटी सातपायरी घाट. पावसाळ्यात दरड आली की ‘परिसर’ आणि ‘परिचय’ दोन्ही वरच राहतात. रेल्वे पकडायची तर नंदुरबार गाठा.

दवाखाना : दिवसा दुखणं झालं तर अडत नाही. रात्रीच्या दुखण्याचं उत्तर भाड्याच्या रकान्यात आहे.

आता तो रकाना. दोन खोल्या, मोरी, गॅलरी असलं काही भाड्याने मिळेल का, असं वर जाऊन विचारा. पावरा-भिल्लांची घरं बांबूच्या कुडाची, शेणामातीनं सारवलेली. ती त्यांनी स्वतःला राहायला बांधली, मास्तरांना भाड्याने द्यायला नाही. पर्यटकांसाठी खोल्या आहेत, पण त्यांचा दर रात्रीवर असतो आणि मास्तरांचा पगार महिन्यावर. म्हणजे भाड्याचं घर नाही. भाडं मात्र आहे! ते पगारपत्रकात दर महिन्याला नेमाने उगवतं. सातव्या वेतन आयोगाच्या आधारे राज्य सरकारने 2019 साली खेड्यापाड्यांसाठी मूळ वेतनाच्या 8 टक्के घरभाडे भत्ता धरला. 29,200 मूळ वेतनाच्या शिक्षकाला तेव्हा 2,336 रुपये. आणि शहादा? तेही त्याच ‘झेड’ गटात, तिथेही 2,336च. तेव्हा माणूस हिशेब करतो : पैसे तेवढेच, तर नळ, बाजार आणि मुलांची शाळा जिथे आहे तिथे का राहू नये? खोली शहाद्यात, नोकरी तोरणमाळला आणि मधे रोजचा घाट. उलट, डोंगरावर सरकारी निवासस्थान मिळालंच, तर भत्ता बंद. म्हणजे घर असेल तर भाडं नाही, आणि घर नसेल तर नसलेल्या घराचं भाडं. भाडेकरू आणि घर यांची गाठ पडू नये याची इतकी चोख व्यवस्था आम्ही दुसरीकडे पाहिलेली नाही.

यावर सरकारने उपाय काढला नाही, असं कोण म्हणेल? 9 सप्टेंबर 2019 चा शासन निर्णय आहे. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी मुख्यालयी राहतात, असा ग्रामसभेचा ठराव आणा, मग भत्ता घ्या. आता डोळ्यांसमोर आणा. ग्रामसभा भरली आहे. विषयपत्रिकेत पाण्याची टाकी, वनहक्काचे दावे, आणि विषय क्रमांक पाच : गुरुजी रात्री गावात झोपतात काय? सूचक उभा राहतो, अनुमोदक मान डोलावतो, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ अशी ओळ वहीत पडते. कुठल्या घरात झोपतात, हा रकाना वहीत नाही. गुरुजी घाईत असतात, कारण शेवटची जीप निघायची असते. ती चुकली तर ठराव खरा ठरेल! आणि ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा उमटवायचा, कशावर? तर आपल्या पोरांना लिहायला शिकवणारा माणूस गावातच राहतो, यावर.

हसू येत असेल तर आता थांबा. रात्री दोन वाजता पाड्यावरची बाई अडते, तिला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात, तेव्हा ठरावातली नर्स ठरावातच असते. तिला शिव्या घालणं सोपं आहे. पण कडी नसलेल्या खोलीत, गळक्या छपराखाली, लहान मूल घेऊन तिने राहावं, असं म्हणणाऱ्या किती साहेबांनी वर एक पावसाळा काढला आहे? आदिवासी भागात काम करण्याचा प्रोत्साहन भत्ताही आहे, 2002 च्या शासन निर्णयाने : मूळ वेतनाच्या 15 टक्के, पण 1,500 रुपयांच्या वर नाही. पंधराशे! एवढ्यात शहाद्याला महिनाभर रोज जीपने ये-जा तरी होते का, कुणी मोजून दाखवावं. आणि खोटं बोलल्याचा दोष कुणाच्या माथी? ग्रामसभेच्या. पेसा कायद्याने जिला जंगल-जमिनीबद्दल बोलायचा अधिकार दिला, तिला आपण हजेरी मास्तर केलं, तेही खोट्या हजेरीचं.

ठराव मागणं बंद करा. निवासस्थानं बांधा आणि बदलीच्या आदेशाला घराची किल्ली टाचून पाठवा. किल्ली नसेल तर तो आदेश निघताच कामा नये. तोवर बदलीवर येणाऱ्या कुटुंबांना आमचा सल्ला एकच : सामान शहाद्यात उतरवा. सरकारला ते ठाऊक आहे.