भाडं आलं!

एचएसआर लेआउटच्या दर्शिनीत शेजारी उभ्या मराठी माणसाने कॉफी बाजूला ठेवून मोबाइल तुमच्या नाकासमोर धरला आणि "भाडं आलं!" म्हणाला, की समजा, मालक भेटले. मालकांना घर नाही. ते स्वतः दहा महिन्यांचं डिपॉझिट भरून भाड्याने राहतात. हे भाडं म्हणजे ऑप्शनचा प्रीमियम.

"सोपंय रे. सहा लाख बाजूला ठेवायचे. इन्फोसिस साडेपंधराशेला असताना पंधराशेचा पुट विकायचा. शेअरमागे पंचवीस रुपये, लॉट चारशेचा, दहा हजार भाडं! भाव पडला तर शेअर घ्यायचे आणि त्यांवर कॉल विकायचे. चाक फिरतंय, भाडं येतंय."

2019 पासून शेअरच्या ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात, त्यामुळे चाक खरंच फिरतं. एकदा एक्स्पायरीला भाव होता साडेतेराशे. पंधराशेने घेतलेले चारशे शेअर मालकांच्या गळ्यात पडले. आता पंधराशेच्या कॉलला मिळत होते पाच रुपये. "हे काय भाडं झालं?" म्हणून त्यांनी चौदाशेचा विकला, वीस रुपयांनी. आठ हजार. भाडं आलं!

पुढच्या एक्स्पायरीला इन्फोसिस परत पंधराशेवर. मालकांचे शेअर मात्र चौदाशेनेच गेले. प्रीमियम अठरा हजार, शेअरमध्ये तोटा चाळीस हजार. निव्वळ बावीस हजारांचा चुना. पंधराशेला शेअर घेऊन जो नुसता झोपला, त्याचा एक रुपया गेला नाही. पडताना सगळी पडझड आपली, चढताना चौदाशेच्या वरचं सगळं दुसऱ्याचं, असा हा भाडेकरार.

"पण भाडं आलं ना?"

आलं. त्यावर करही आला. प्रीमियम धंद्याचं उत्पन्न, त्याला मालकांचा तीस टक्क्यांचा स्लॅब. शेअर त्यांनी गुंतवणूक म्हणून दाखवलेले, म्हणून तो तोटा भांडवली. धंद्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही. भांडवली नफ्याची वाट बघत आठ वर्षं पुढे ओढत न्यायचा. सीएने हे समजावलं तेव्हा मालक एक्सेलमध्ये प्रीमियमचा रकाना हिरवा करत होते. शेअरच्या भावाला त्या शीटमध्ये रकानाच नाही.

ही शीट मी एकदा नीट पाहिली. एकही महिना कोरा नाही, प्रत्येकापुढे किमान दहा हजार. मार्जिन अडकलं होतं, काहीच विकता आलं नव्हतं, त्या महिन्यांतसुद्धा. "हे कुठून आले?" विचारलं, तर मालक पहिल्यांदा गप्प झाले.

दरमहा दहा हजार सांगलीला आईला जातात. पगारातले म्हटलं तर म्हातारी घेत नाही, तुलाच तिकडे पुरत नाहीत म्हणते. भाड्याचे म्हटलं की घेते. शेजारणींना सांगते, बेंगळुरूत माझ्या मुलाची जागा आहे.